मारुतरावांची हजेरी

मारुतराव खाडे डॉक्टर नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट मी त्यांना दोनदा ऐकवली आहे आणि दोन्ही वेळा त्यांनी "बराबर आहे मॅडम" म्हणून ती मान्य केली होती.

ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. एकोणीसशे एकोणसत्तरला सैन्यात भरती झाले. भावकीतले सगळे बंदुका घेऊन पायदळात गेले आणि ह्यांना नेमलं दातांच्या दवाखान्यात. गावात कोणी विचारलं की वडील नुसतंच "पलटणीत आहे" म्हणत, पुढचं सांगत नसत. चोवीस वर्षं डॉक्टरांच्या हातात अवजारं देणं, दातांचे ठसे घेणं, कवळ्या घासणं असं सगळं करून ते हवालदार म्हणून बाहेर पडले. मग दिल्लीतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या दातांच्या विभागात असिस्टंट म्हणून लागले आणि पालमच्या दोन खोल्यांत बायको कांताबाईसह राहिले. त्यांचं चरित्र एवढंच. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडात आज खालचा जबडा अखंड आहे तो ह्या माणसामुळे, म्हणून लिहायला बसले आहे.

बहीण म्हणजे सुमित्रा. चौतीस वर्षं दिल्लीतल्या शाळेत भूगोल शिकवला. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. आम्ही दोघी द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत तिच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. तंबाखू नाही, सुपारी नाही, काही नाही, तरी निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, किरणं आणि सोबत औषधं देऊ, आशा चांगली आहे. मी त्याच दिवशी एक फाइल उघडली, कागद तारीखवार लावले आणि ओळखीच्या एका अधिकाऱ्याला फोन करून किरणांची तारीख नऊ मार्चवरून दोन मार्चला आणून घेतली. स्वतःवर खूश होते मी. दिल्लीत चाळीस वर्षं काढून एवढं जमलं नाही तर काय उपयोग!

आणि मग आम्हाला सांगितलं, आधी दातांच्या विभागात जा.

"दात?" मी म्हटलं. "अहो, तिला कॅन्सर आहे. दात दुखत नाहीयेत."

तिथे डॉक्टर मीनाक्षी होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुमित्राच्या सगळ्या जबड्याचा एक लांबडा एक्स-रे काढला, प्रत्येक दात सळईनं तपासला आणि सांगितलं की खालच्या मागच्या दाढांपैकी तीन आणि वरची एक आताच काढायला हवी. दोन आतून किडलेल्या, दोन हिरडीतून सैल झालेल्या. आणि काढल्यावर जखमा भरायला निदान दोन आठवडे, जमल्यास तीन, दिल्याशिवाय किरणं सुरू करायची नाहीत.

माझा पारा चढला. "मी मरमर करून तारीख अलीकडे आणली आणि तुम्ही ती पलीकडे ढकलताय? चार दाढांसाठी?"

डॉक्टर फोनवर किरणांच्या डॉक्टरांशी बोलायला आत गेल्या. कोपऱ्यात प्लास्टरचा गोळा कालवत उभा असलेला एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस मराठीत म्हणाला, "मॅडम, बसा जरा. पाणी घ्या."

दिल्लीत सरकारी जागी कोणी अचानक मराठी बोललं की आपण आधी विरघळतो. मी नाही विरघळले. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई मॅडम. मी मारुतराव. असिस्टंट."

"मग तुम्ही मला सांगू नका."

"बराबर आहे मॅडम," ते म्हणाले आणि पाण्याचा ग्लास सुमित्राला दिला. मग तिच्याशीच बोलू लागले, जणू मी तिथे नव्हतेच. "बाई, जबड्याचं हाड जिवंत असतं. त्याला रक्त लागतं. किरणं कॅन्सरला मारत्यात, पण जाताजाता हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याबी आवळून टाकत्यात. आज दाढ काढली तर खड्डा पंधरावीस दिवसांत भरतोय. किरणांनंतर काढली तर तो खड्डा भरलच असं न्हाई. हाड उघडं पडतंय आणि मरतंय. म्हणून जी दाढ पुढं दगा देणार आहे ती आत्ताच काढायची."

सुमित्रानं मास्तरणीसारखा प्रश्न विचारला. "आणि जी चांगली आहे ती?"

"ती जन्मभर जपायची. ते माझं काम."

डॉक्टर मीनाक्षी बाहेर आल्या. दोन्ही डॉक्टरांचं ठरलं होतं की दाढा दुसऱ्या दिवशी, चोवीस फेब्रुवारीला काढायच्या आणि किरणं सोळा मार्चला. वीस दिवस. कॅन्सर तेवढा थांबू शकेल, त्याहून जास्त थांबवायचं नाही. मी फाइलवर नवी तारीख लिहिली आणि पेन टेबलावर आपटलं. सुमित्रा म्हणाली, "ताई, त्या टेबलाचा काय गुन्हा?"

दाढा निघाल्या, हाडाच्या टोकदार कडा घासून गुळगुळीत केल्या, टाके पडले. दोनदा तपासायला बोलावलं. त्यातल्या एका दिवशी मारुतरावांनी तिच्या वरच्या आणि खालच्या दातांचे ठसे घेतले आणि त्यावरून पातळ पारदर्शक प्लास्टिकची दोन खोळी बनवल्या, दातांवर टोपीसारख्या बसणाऱ्या. त्यात फ्लोराइडचं जेल घालून रोज रात्री दहा मिनिटं लावून बसायचं, मग थुंकायचं, चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. त्या खोळी करताना मी त्यांना पाहिलं. कड कापून झाली की बोटाची मागची बाजू सगळीकडून फिरवायचे, पुन्हा कापायचे, पुन्हा फिरवायचे.

"एवढं काय आहे त्यात?" मी घड्याळ बघत विचारलं.

"हिरडीला खरचटलं तर न्हाई चालायचं मॅडम."

त्यांच्याकडे एक लांबलचक रजिस्टर होतं. प्रत्येक पेशंटला एक पान, पानावर बत्तीस दातांचं चित्र. ते पान घेऊन ते स्वतः तळमजल्यावर किरणांच्या विभागात जात आणि तिथल्या लोकांना विचारत, ह्या बाईंच्या कुठल्या दातांच्या मुळाशी जास्त किरणं जाणार? जे सांगितले जात ते दात लाल पेन्सिलीनं रंगवत. डॉक्टर मीनाक्षींनी एकदा हसून सांगितलं, "खाली त्यांना पाहिलं की म्हणतात, आला पेन्सिलवाला." हे काम त्यांच्या नेमणुकीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारून घेतलं होतं.

किरणांचे सात आठवडे मी लिहीत नाही. तोंड आतून सोलून निघालं, तिला पाणीसुद्धा टोचायचं. मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या, लहान बाळाचा मऊ ब्रश, खिमटी आणि ताक. मे महिन्यात संपलं. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, गाठ दिसत नाही. माझ्या हिशेबी आम्ही जिंकलो होतो.

मारुतरावांचं काम मात्र तिथून सुरू झालं. लाळेच्या ग्रंथी किरणांत सुकतात. सुमित्राचं तोंड कायमचं कोरडं पडलं आणि लाळ नसली की दात हिरडीच्या कडेनं गोल किडत जातात, तेही भराभर. म्हणून दर तीन महिन्यांनी हजेरी. तारखेच्या आदल्या दिवशी फोन यायचा, "सुमित्राबाई, उद्या हजेरी." तिथे गेलं की पहिला प्रश्न, "जेल लावता का रोज?" दुसरा, "तोंड उघडा." मग आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची चळत दातांत उभी बसवायची. किरणांआधी बावीस बसत होत्या. वर्षभरानं चौदा. जबड्याचे स्नायू आकसतात म्हणून रोज काड्या लावून व्यायाम करायचा, नाहीतर उद्या दातावर उपचार करायला डॉक्टरांचा हातच आत जाणार नाही.

एकदा त्यांनी तिच्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या पाहिल्या. कोरड पडते म्हणून ती दिवसभर चघळायची.

"ह्या काय?"

"तोंडाला पाणी सुटतं जरा."

"पाणी सुटतंय आणि दात सुटत्यात," ते म्हणाले आणि पुडी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "बाटली ठेवा जवळ. घोट घोट साधं पाणी. शाळेत पोरांच्या गोळ्या जप्त करत होता ना?"

"करत होते."

"मग आता समजलं कसं वाटतंय."

सुमित्रा एवढी हसली की ओठ फुटला.

कांताबाईंना मी एकदाच भेटले, पालमला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. त्यांनीच सांगितलं, नवऱ्यानं त्यांची मिश्री सोडवली ती कशी. गावाकडे बायका भाजलेली तंबाखू दातांना लावतात, ती सकाळ-संध्याकाळ लागायचीच. हे समजावून थकले. मग एक दिवस त्यांना हॉस्पिटलात नेऊन आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं आणि दिवसभर नुसतं बसू दिलं. "संध्याकाळी मी घरी आले आन् डबी मोरीत ओतली," कांताबाई म्हणाल्या. "हे एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर मी भांडले असते."

आता माझ्या चुकीकडे येते. सावकाश यायचं काही कारण नाही.

दोन हजार चौदाच्या मेमध्ये पाच वर्षं झाली. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, अभिनंदन, आता वर्षातून एकदा या. मी पेढे वाटले. घरी येऊन फाइलवर "प्रकरण बंद" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. सदतीस वर्षं हेच केलं होतं. एखादं प्रकरण वर्षानुवर्षं उघडं राहिलं की मला झोप येत नसे. आणि सुमित्राही कंटाळली होती. रोज रात्री त्या खोळी, ते जेल, अर्धा तास पाणी नाही. मी म्हटलं, पुरे आता. पाच वर्षांत दात पडले नाहीत, आता काय पडणार? खोळी डब्यात घालून कपाटात वर गेल्या. जूनमध्ये मारुतरावांचा हजेरीचा फोन आला तो मी घेतला.

"मारुतराव, पाच वर्षं झाली. केस क्लोज झाली. आता फोन करत जाऊ नका."

मग ते म्हणाले, "कॅन्सरची क्लोज झाली असंल मॅडम. जबड्याची होत न्हाई. ती तर जशी वर्षं जातील तशी..."

"हे डॉक्टरांनी सांगितलं आहे का?"

"डॉक्टर मीनाक्षींना विचारा की."

"विचारीन. तुम्ही डॉक्टर नाही आहात."

"बराबर आहे मॅडम."

विचारलं नाही. पुढेही दोनदा फोन वाजला, मी उचलला नाही. नंतर ते हॉस्पिटलातून निवृत्त झाले असं कळलं.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत, जवळजवळ सात वर्षांनी, सुमित्राची डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. आधी तुकडा निघाला, मग उरलेली हिरडीपर्यंत किडली. दोन वर्षांत पाच दातांना कडेनं काळी रेघ आली होती, ती मी पाहिलीच नव्हती. मी तिला आमच्या सेक्टरच्या मार्केटमधल्या दातांच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, नीटनेटका, बोलायला गोड. त्याच्याकडे कामाला असलेल्या मुलीनं एक फॉर्म दिला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कॅन्सर. फॉर्म भरणं हे माझं काम. रक्तदाबापुढे खूण केली. कॅन्सरपुढे "नाही" लिहिलं. तो आजार संपला होता, मी स्वतः सही करून संपवला होता.

डॉक्टरनं पाहिलं, एक्स-रे काढला आणि म्हणाला, "आंटीजी, इसमें कुछ बचा नहीं है. निकाल देते हैं, पाँच मिनट का काम है. आप मुँह थोड़ा और खोलिए... बस इतना ही खुलता है?"

"हाँ, पहले से," सुमित्रा म्हणाली. मी म्हटलं, "वय झालं, दुसरं काय."

सूज होती म्हणून गोळ्या दिल्या आणि गुरुवारी अकराला बोलावलं.

बुधवारी दुपारी चहा घेताना सुमित्रा म्हणाली, "ताई, मारुतरावांना विचारू या का?"

"कशाला? दात काढायचा आहे, किल्ला घ्यायचा नाही. आणि तो माणूस आता निवृत्त आहे, असिस्टंट होता, त्याला..."

"डॉक्टर नाही, माहीत आहे मला," ती म्हणाली आणि उठून आपल्या खोलीत गेली. दार लावलं. माझ्या बहिणीनं आयुष्यात माझ्यापासून लपवून केलेल्या मोजक्या कामांपैकी हे एक.

गुरुवारी पावणेअकराला आम्ही दवाखान्यात शिरलो तर बाकावर मारुतराव बसलेले. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, मांडीवर ते लांबलचक रजिस्टर. पालमहून शेअर रिक्षानं आले होते. मी सुमित्राकडे पाहिलं. तिनं भिंतीवरचं दंतमंजनाचं चित्र पाहायला सुरुवात केली.

"रजिस्टर हॉस्पिटलचं नाही का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"माझंच आहे मॅडम, मी घेतलेलं. हॉस्पिटलला नक्कल दिली." मग खालच्या आवाजात, "रागवा मला पायजे तेवढं. फकस्त सुई टोचायच्या आधी रागवा."

"साधी दाढ आहे हो. हिरडीपर्यंत आलीच आहे."

त्यांनी रजिस्टर उघडलं. सुमित्राचं पान काढलं. खालच्या डाव्या बाजूच्या मागच्या तीन दातांवर लाल पेन्सिल गडद फिरवलेली होती. त्यांनी बोट ठेवलं. "ही का?"

"हो."

"मॅडम, तुम्हाला एक सांगतो. कुणाला सांगितलेलं न्हाई. ब्याऐंशी साल. उत्तरेकडं एका छावणीत होतो. आमच्यात गुणवंत म्हणून नाईक होता, वर्ध्याकडचा. गालाचा कॅन्सर, किरणं घेऊन बरा होऊन आलेला. ड्यूटीवर हजर. वर्षाची तपासणी आली. तपासणीत किडका दात असला तर माणूस फिट धरत न्हाईत. त्याला फिट व्हायचं होतं. साहेबांनी दाढ काढली. चिमटा मी दिला हातात." त्यांनी आपला उजवा हात पाहिला. "महिना झाला, खड्डा भरेना. तीन महिन्यांनी आत पांढरं हाड दिसाय लागलं. मग हनुवटीखाली भोक पडून पू. वर्षानं मेसमध्ये रोटी चावताना जबडा मोडला. रोटी चावताना, मॅडम. कॅन्सर परत आलाच न्हाई त्याला. कॅन्सरनं सोडलेला माणूस आम्ही दाढेपायी घालवला. तवा कुणाला एवढं म्हाईत नव्हतं, साहेबांची चूक न्हाई म्हणता यील. पण आता म्हाईत हाय ना?"

मी म्हटलं, "तुम्हीही आत चला." माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही.

आतून बोलावणं आलं. मारुतराव आमच्यामागून शिरले, टोपी काढून डॉक्टरपुढे ताठ उभे राहिले. "सर, परमिशन हो तो एक बात कहूँ. इनके इस जबड़े पर रेडिएशन हुआ है. दो हज़ार नौ में. ये दाँत पूरे डोज़ में है." आणि रजिस्टर पुढे केलं.

डॉक्टरनं पान पाहिलं, मग फॉर्म काढला, मग माझ्याकडे पाहिलं. "मैम, यहाँ आपने 'नहीं' लिखा है."

"हाँ," मी म्हटलं. "ग़लत लिखा है. मेरी ग़लती है."

डॉक्टरचा चेहरा उतरला. सुई ट्रेमध्ये भरून ठेवलेली होती, ती त्यानं बाजूला सरकवली. बरं, मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, हे माझ्या दवाखान्यात करण्यासारखं काम नाही. आणि सुमित्राच्या गालावरून बोट फिरवून म्हणाला, मुँह कम खुल रहा था, मुझे तभी पूछना चाहिए था. त्यानं मारुतरावांना विचारलं, "आप कौन से डॉक्टर हैं?"

मारुतराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर नहीं हूँ सर."

त्याच दुपारी आम्ही डॉक्टर मीनाक्षींकडे होतो. त्यांनी मला एकही बोल लावला नाही, ते जास्त लागलं. त्यांनी नीट समजावलं. काळ गेला म्हणून हाडातले रक्ताचे रस्ते परत येत नाहीत, उलट वर्षागणिक हाड आणखी कमजोर होतं. दाढ उपटायची नाही. तिची मुळं हाडातच राहू द्यायची. आतली कुजलेली नस काढून, मुळांच्या नळ्या स्वच्छ करून भरायच्या, वरचा मोडका भाग हिरडीच्या पातळीला कापून टाकायचा आणि वरून बंद करायचा. दिसायला दात जातो, पण हाडाला जखम होत नाही. "आणि हे नाहीच जमलं तर?" मी विचारलं. मग काढावीच लागेल, पण इथे, तज्ज्ञ शल्यचिकित्सकांच्या हातून, औषधांच्या तयारीनं, कमीत कमी इजा करून, आणि तरीही जोखीम राहील, असं त्या म्हणाल्या. जबडा राहील की नाही, हे आता ह्या दाढेच्या नळ्यांवर होतं.

आणि अडचण तिथेच आली. सुमित्राच्या तोंडात काड्या बसल्या तेरा. मागच्या दाढेपर्यंत अवजार पोचेना. पहिल्या वेळी डॉक्टरांनी तासभर प्रयत्न केला. सुमित्राच्या डोळ्यांतून पाणी, डॉक्टरांच्या कपाळावर घाम. तीनपैकी एक नळी सापडली. मी बाहेर बसून होते, आतला प्रत्येक आवाज ऐकत.

मारुतराव निवृत्त होते, तरी डॉक्टरांना विचारून रोज येऊ लागले. ओली गरम पट्टी गालाला, मग काड्या, मग गालाच्या स्नायूंना बोटांनी हलकं चोळणं, ते मला शिकवलं. "जोर न्हाई मॅडम. फाइलवर सही करताय तसं न्हाई." दिवसातून पाच वेळा. मी घड्याळ लावून केलं. पंधरा दिवसांत काड्या सोळा झाल्या. दुसऱ्या वेळी दुसरी नळी मिळाली. तिसऱ्या वेळी तिसरी. मग दाढ कापून, गुळगुळीत करून, बंद केली. बाकीच्या पाच दातांचे काळे भाग खरवडून भरले. नवे ठसे घेतले, नव्या खोळी झाल्या, त्या ह्यावेळी मारुतरावांच्या जागी आलेल्या हेमलता नावाच्या मुलीनं बनवल्या. मारुतराव शेजारी उभे होते. तिनं कड कापली, त्यांनी बोट फिरवलं, मान हलवली, परत दिली. तिनं पुन्हा कापली. त्या मुलीच्या चेहऱ्यावर मला माझाच सात वर्षांपूर्वीचा वैताग दिसला आणि मी तिला सांगितलं, "कर गं, ते सांगतात तसं कर."

धन्यवाद म्हणायला मला नीट येत नाही. सरकारी नोकरीत पत्राच्या शेवटी लिहायची सवय, तोंडानं नाही. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये आम्ही चहा घेत होतो तेव्हा मी म्हटलं, "मारुतराव, मी तुम्हाला दोन वर्षं फोन करू दिला नाही."

"व्हय."

"तुमचं बरोबर होतं. माझं चूक."

"व्हय," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. नाही-नाही, तसं काही नाही, असलं काही म्हणाले नाहीत. मला ते फार आवडलं. मग म्हणाले, "ताई, मी आता गावाकडं चाललोय. कांतीचं गुडघं दुखत्यात, हितली थंडी सोसंना. हजेरी कोण घेणार?"

मॅडमची ताई झाले ती अशी.

त्यांनी मला हॉस्पिटलच्या खिडकीपाशी नेलं, उजेडात सुमित्राला बसवलं आणि शिकवलं. छोटा आरसा कसा धरायचा, गाल कसा बाजूला घ्यायचा. हिरडी गुलाबी आहे का. कुठे सूज, कुठे पू, हनुवटी बधिर वाटते का. आणि मुख्य म्हणजे कुठे पांढरं, कडक, हाडासारखं काही उघडं दिसतंय का. दिसलं तर बोट लावायचं नाही, वाट बघायची नाही, त्याच दिवशी इथे. कुणीही, कितीही हुशार डॉक्टर, दात काढू म्हणाला तर आधी रेडिएशन सांगायचं. "तुम्ही मोठ्यांदा सांगा," ते म्हणाले. "तुमचा आवाज चांगला आहे."

ते त्याच वर्षी दिवाळीआधी माणला गेले. फोनवर भेटतात. मला अजून विचारतात, जेल लावती का? मी हेमलताच्या तारखा पाळते, दर तीन महिन्यांनी, एकही चुकवलेली नाही. किरणांना दहा वर्षं झाली. सुमित्रा म्हणते, आता तर बंद कर. मी म्हणते, गप्प बस, तोंड उघड.

आज रविवार आहे. सकाळी नऊला, बाल्कनीत ऊन आलं तेव्हा, मी चष्मा लावला आणि पाहिलं. खालच्या डाव्या बाजूला, जिथे ती दाढ कापून बंद केली, तिथे हिरडी सगळीकडून मिटलेली आहे, गुलाबी आणि ओली. पांढरं काही नाही. मी पुन्हा एकदा पाहिलं, कारण घाई करायची माझी खोड आहे. नाही. मग तिनं तोंड मिटलं आणि मी माणला फोन लावला.